दरवेळी मधलीच सीट येते? पैसे न भरता चांगली सीट मिळवायची असेल तर हे करून बघा

आपल्या सातारा-सांगलीकडच्या लोकांची ही कायमची तक्रार आहे आणि विट्यात तर जास्तच, कारण गलाईच्या धंद्यामुळं इथल्या घराघरातलं कुणीतरी कलकत्ता, दिल्ली, कोची असं लांब असतं, आणि सणासुदीला, जत्रेला, लग्नाला येणं-जाणं आता विमानानंच होतं. तक्रार काय, तर वेब चेक-इन उघडलं की सीटचा नकाशा येतो, सगळ्या सीटवर रुपये लिहिलेले असतात, फुकटातली एक पण दिसत नाही आणि दिसली तर पार मागची मधली. सीट न निवडता पुढं गेलं की नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला. मग माणूस घाबरतो आणि चार जणांचे मिळून हजार-दीड हजार भरून टाकतो, परतीला परत तेच.

घरच्यांची, पाहुण्यांची तिकिटं काढून द्यायचं काम माझ्याकडंच असतं, त्यामुळं हा विषय मी नीट समजून घेतलाय. इथं फक्त साधं इकॉनॉमीचं तिकीट आणि देशातल्या देशातला प्रवास एवढंच बोलतोय, परदेशाचे नियम बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात.

पहिली गोष्ट, तिकिटात तुम्हाला सीट मिळते पण सीट नंबर मिळत नाही. एसटीचं रिझर्व्हेशन केलं की तिथंच १७ नंबर, १८ नंबर हातात येतो तसं इथं नाही. स्वस्तातल्या भाड्यात फक्त विमानात बसवून न्यायची हमी असते, कुठं बसवायचं ते कंपनी चेक-इनच्या वेळी ठरवते आणि आवडीची जागा पाहिजे असेल तर त्याचे वेगळे पैसे. हे कायदेशीर आहे, विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएनंच कंपन्यांना सीट, जेवण, जादा सामान अशा गोष्टींचे वेगळे पैसे घ्यायची परवानगी दिलीय. पण त्याच नियमात असंही आहे की ही सेवा प्रवाशानं स्वतःहून मागितली तरच द्यायची, म्हणजे सीट विकत घेण्याची सक्ती नाही. ज्यानं सीट निवडली नाही त्याला कंपनीनं आपोआप सीट द्यायची. वेबसाइटवर खाली कोपऱ्यात कुठंतरी स्किप किंवा त्याच अर्थाचं बटन असतं ते याच्यासाठीच, फक्त ते पटकन दिसेल असं ठेवलेलं नसतं. पैसे भरायचं बटन मोठं आणि रंगीत, हे बारीक. आधी ते शोधा. नाहीच सापडलं तर काउंटर आहेच, आणि काउंटरवर बोर्डिंग पास छापून द्यायचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत असं विमान वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२२ मध्येच कंपन्यांना सांगितलंय.

आता मधलीच सीट का येते ते बघू, कारण हे कळलं की पुढचे उपाय आपोआप कळतात.

पुण्याहून उडणारी बहुतेक विमानं एअरबस ३२० किंवा तशाच मापाची असतात, एका ओळीत तीन अधिक तीन अशा सहा सीट. ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी आयलच्या म्हणजे मधल्या वाटेकडच्या, बी आणि ई मधल्या. १८० सीटचं विमान धरलं तर ३० ओळी, म्हणजे ६० खिडक्या, ६० आयल आणि ६० मधल्या. खिडकी, आयल आणि पुढच्या ओळी यांना गिऱ्हाईक आहे, मधलीला नाही. त्यामुळं चेक-इन उघडल्यावर पहिले काही तास कंपनीच्या सिस्टीमचं एकच धोरण असतं, की विकली जाईल अशी सीट फुकटात द्यायची नाही. जो सीट न निवडता चेक-इन करतो त्याला ती मागची मधली देते आणि खिडकी-आयल विक्रीला शिल्लक ठेवते. म्हणून बघा, चेक-इन उघडल्या उघडल्या सगळ्यात आधी करणाऱ्यालाच बऱ्याचदा सगळ्यात वाईट सीट मिळते. लोकांना वाटतं लवकर केलं तर चांगली मिळेल, आणि पूर्वी ते खरं पण होतं, पण आता सीटचे पैसे लागायला लागल्यापासून उलटं झालंय.

जसजसं विमान सुटायची वेळ जवळ येते तसतशा मधल्या संपत जातात, आणि न विकलेल्या खिडक्या-आयल कुणाला तरी द्याव्याच लागतात, कारण सीट रिकामी ठेवून प्रवासी उभा नेता येत नाही. अशी शेवटी शेवटी येणाऱ्याला कधी कधी पार पुढची खिडकी फुकटात मिळते. प्रत्येक कंपनीची सिस्टीम सारखी नसते आणि कुठलीही कंपनी तिचा नियम उघड करून सांगत नाही, त्यामुळं असंच होईल असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण कल हा असा आहे.

मग शेवटपर्यंत थांबायचं का? इथं नीट विचार करा, कारण याच्यात खरा धोका आहे. कंपन्या कधी कधी सीटपेक्षा जास्त तिकिटं विकतात, कारण दरवेळी काही लोक येतच नाहीत. एखाद्या दिवशी सगळे आले तर कुणाला तरी खाली राहावं लागतं आणि ज्याच्या हातात सीट नंबर नाही त्याचा नंबर त्यात आधी लागतो. वेळेत येऊन सुद्धा असं नाकारलं तर डीजीसीएच्या नियमानं भरपाई मिळते. तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही, २४ तासांच्या आतलं दिलं तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन आकाराच्या २०० टक्के, जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि २४ तासांपेक्षा उशिराचं दिलं तर ४०० टक्के, जास्तीत जास्त २०,०००. पण लग्नाला निघालेल्या माणसाला ते पैसे घेऊन काय करायचंय. त्यामुळं थांबायचं की नाही हे विमान किती भरलंय त्यावर ठरवायचं.

आणि इथंच बहुतेक लोक फसतात, कारण ते सीटचा नकाशा बघून विमान रिकामं आहे असं समजतात. नकाशात फक्त ज्यांना सीट नंबर मिळालाय तेवढ्याच सीट भरलेल्या दिसतात. तिकीट काढलंय पण चेक-इन केलं नाही आणि सीट विकत घेतली नाही असे लोक त्यात दिसतच नाहीत, त्यामुळं दोन दिवस आधी अर्धं रिकामं दिसणारं विमान प्रत्यक्षात खचाखच असू शकतं. उलट पण असतं, करड्या रंगाच्या किंवा फुली मारलेल्या सगळ्या सीटवर माणसंच असतात असं नाही. काही सीट कंपनीनंच अडवून ठेवलेल्या असतात, कुणा अपंग प्रवाशासाठी, कर्मचाऱ्यांसाठी, वजनाचा तोल सांभाळण्यासाठी, आणि त्यातल्या बऱ्याच विमानतळावर मोकळ्या होतात. हे पुढं कामाला येतंय, लक्षात ठेवा.

विमान भरलंय का हे ओळखायची साधी युक्ती म्हणजे कंपनीच्या वेबसाइटवर तीच फ्लाइट, तीच तारीख टाकून ९ प्रवाशांसाठी तिकीट शोधा, एका बुकिंगमध्ये साधारण तेवढेच टाकता येतात. ९ जणांना फ्लाइट दिसली आणि भाडं पण फार चढलेलं नसेल तर जागा बऱ्यापैकी आहे. ९ ला दिसली नाही आणि ३-४ ला दिसली तर थोड्याच उरल्यात. एकाला पण दिसत नसेल तर फुल आहे असं धरून चला. पैसे भरायच्या पानापर्यंत जायची गरजच नाही, नुसतं शोधून बघायचं.

फुल असेल, म्हणजे दिवाळी, गणपती, मे महिना, सोमवारची पहाटेची फ्लाइट असलं काही असेल, तर थांबू नका. चेक-इन लगेच करून टाका, मिळेल ती सीट घ्या आणि बाकीचं विमानतळावर बघा. जागा असेल तर आदल्या रात्रीपर्यंत थांबायला हरकत नाही. पार शेवटच्या तासापर्यंत ताणायचं मात्र मी कुणालाच सांगत नाही आणि आपल्या भागातल्या माणसाला तर नाहीच. देशातल्या फ्लाइटचं वेब चेक-इन बहुतेक कंपन्यांचं ४८ तास आधी उघडतं आणि ६० मिनिटं आधी बंद होतं, काउंटर पण ६० मिनिटं आधीच बंद होतो. साताऱ्याहून लोहगाव म्हणजे ११० किलोमीटरच्या वर, सांगलीहून त्याच्या दुप्पट, वाटेत खंबाटकी, मग कात्रजपासून पुढं सगळं शहर पार करायचं. ट्रॅफिकमध्ये अडकून मोबाईलवर चेक-इन करत बसलात आणि नेमकी तिथं रेंज गेली तर सीट राहू द्या, विमान पण जाईल. घरातून निघायच्या आधी सगळ्यांचे बोर्डिंग पास मोबाईलमध्ये पाहिजेत म्हणजे पाहिजेत.

बारा वर्षांच्या आतलं मूल बरोबर असेल त्यांनी पुढचं नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे याच भीतीपोटी भरले जातात. डीजीसीएनं एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी सीट द्यायची आणि तशी नोंद ठेवायची. यात दोन शब्द महत्त्वाचे आहेत. एक म्हणजे त्याच पीएनआरवर. आईचं तिकीट ऑफिसनं काढलं आणि पोराचं तुम्ही वेगळं काढलं तर सिस्टीमला ती दोघं परकी. दुसरा शब्द निदान एक. आई आणि पोरगं शेजारी बसलं की नियम पाळला गेला, वडील दहा ओळी मागं गेले तरी त्यात नियमभंग नाही. त्यामुळं तिकीट काढतानाच सगळे एका बुकिंगमध्ये घ्या, मुलाची जन्मतारीख नीट टाका. आणि तरी सिस्टीमनं मायलेकरांना वेगळं टाकलंच तर पैसे भरू नका, काउंटरवर जाऊन सांगा की मूल बारा वर्षांच्या आत आहे, एकाच पीएनआरवर आहे, शेजारी सीट द्या. हे काही मेहरबानी म्हणून मागायचं नाही, द्यायलाच पाहिजे. मुलाचं आधार कार्ड जवळ असू दे.

आता एक प्रत्यक्ष झालेलं सांगतो म्हणजे सगळं एकत्र कळेल. आमच्या वहिनी, त्यांची सात वर्षांची धाकटी, चौदाची थोरली आणि सत्तरीच्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, असे चौघं पुण्याहून कलकत्त्याला दादाकडं निघाले होते, दुपारी साडेअकराची फ्लाइट, एकच पीएनआर. दोन दिवस आधी बघितलं तर ९ जणांना फ्लाइट दिसत नव्हती, पाच जणांना दिसत होती. म्हणजे फुल नाही पण भरत आलेली. म्हणून थांबलो नाही, सीट न निवडता चेक-इन करून टाकलं. आलं काय, तर वहिनी २७ बी, धाकटी २७ ए, थोरली २२ ई आणि आत्ती ३० ई. धाकटी आईशेजारी आली, खिडकी पण मिळाली, तिथवर नियम चालला. पण आत्ती पार शेवटाला दोन अनोळखी माणसांच्या मधे, गुडघ्यांचा त्रास, त्यात टॉयलेटला दोनदा तरी उठणार. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, भरून टाका की आत्तींचे पैसे, कशाला परीक्षा घ्यायची." त्या वेळी आयलच्या सीटला साडेतीनशे मागत होते. मी म्हटलं, थांबा, आधी काउंटरवर विचारा, तिथं नाहीच जमलं तर तिथं पण पैसे भरता येतातच.

पहाटे चारला विट्यातून निघाले आणि पावणेदहाच्या सुमाराला काउंटरवर होते, म्हणजे पावणेदोन तास आधी. ही वेळ चांगली. त्याच्याही खूप आधी गेलं तर अडवलेल्या सीट अजून मोकळ्या झालेल्या नसतात, आणि काउंटर बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात गेलं तर मागं रांग असते, काउंटरवरच्या पोरीला मान वर करायला सवड नसते. वहिनींना मी काय मागायचं ते आधीच सांगून ठेवलं होतं, कारण मागणी कशी करता यावर निम्मं काम असतं. "चांगली सीट द्या" म्हटलं की समोरचा माणूस पुढच्या ओळी समजतो, त्या पैशाच्या असतात, उत्तर नाही येतं. त्याऐवजी वहिनींनी एवढंच सांगितलं की सासूबाईंचे गुडघे दुखतात, कुठलीही आयल चालेल, अगदी मागची चालेल, आमच्या २७ च्या आसपास असली तर बरं. त्या मुलीनं स्क्रीनवर बघितलं आणि २८ सी दिली. वहिनींच्या बरोबर मागच्या ओळीत, वाटेकडची. एक पैसा घेतला नाही. ती २८ सी दोन दिवस आधी नकाशात करडी दिसत होती, ती अडवलेल्यांपैकीच असणार.

थोरली २२ ई वरच राहिली, काउंटरवर तेवढं जमलं नाही. मग दुसरी संधी गेटवर. हे फार कमी लोकांना माहीत असतं. काउंटर ६० मिनिटं आधी बंद झाला की कोण आलं आणि कोण आलं नाही याचं चित्र स्पष्ट व्हायला लागतं, आणि गेटवरच्या कर्मचाऱ्यांना ते स्क्रीनवर दिसतं. बोर्डिंग सुरू व्हायच्या थोडं आधी, साधारण ४५-५० मिनिटं असताना, गर्दी गेटवर उभी राहायच्या आत जाऊन विचारायचं. वहिनी गेल्या, सांगितलं की आजी २८ सी वर एकटी आहे, नात शेजारी बसली तर मदत होईल. २८ बी चा माणूस आलाच नव्हता. थोरलीला २८ बी मिळाली. मधलीच, पण आजीशेजारी. नवा बोर्डिंग पास छापून दिला. तो नवा पास घेतल्याशिवाय गेटवरनं हलायचं नाही, नाहीतर आत गेल्यावर जुन्या नंबरवर एक, नव्यावर एक असा घोळ होतो.

तिसरी संधी विमानाच्या आत, पण तिथं शिस्त पाळा. दार बंद झाल्यावर, सगळे बसल्याची घोषणा झाल्यावर, एअर होस्टेसला विचारून मगच उठायचं. स्वतःच्या मनानं रिकाम्या सीटवर जाऊन बसू नका. एक तर जास्त पायमोकळ्या ओळींना किंवा पुढच्या ओळींना तिथं पण पैसे मागू शकतात किंवा सरळ नाही म्हणतात. आणि दुसरं म्हणजे वजनाचा तोल, तो काही उगाच सांगायचा बहाणा नसतो. मोठ्या विमानात एक-दोघं हलले तर फरक पडत नाही पण लहान विमानात कोण पुढं, कोण मागं याचा हिशोब करूनच उड्डाण होतं, कधी कधी तर तेच स्वतःहून लोकांना पुढून मागं बसवतात.

लहान विमानावरनं आठवलं, कोल्हापूरचं. सांगली-मिरजेच्या लोकांना उजळाईवाडी जवळ, तासाभराचा रस्ता. तिथून एटीआर आणि एम्ब्रेअर अशी लहान विमानं उडतात आणि या दोन्हींत इकॉनॉमीला एका बाजूला दोनच्या वर सीट नसतात, मधली सीट हा प्रकारच नाही. म्हणजे काही न भरता, काही न मागता, खिडकी किंवा आयल मिळणारच. तुम्हाला जायचंय त्या गावाला कोल्हापूरहून थेट जाता येत असेल आणि भाडं पुण्याच्या जवळपास असेल तर मी तरी कोल्हापूरच धरीन, पुण्यापर्यंतचं गाडीभाडं पण वाचतं. एटीआरमध्ये चढायचं-उतरायचं मागच्या दारानं असतं, त्यामुळं तिथं मागची सीट म्हणजे वाईट सीट नाही, उलट लवकर बाहेर पडता. पंखे मात्र बाहेर दिसतात आणि त्यांच्या बाजूच्या ओळींत आवाज जास्त, ज्यांना आवाजाचा त्रास होतो त्यांनी काउंटरवर मागची मागावी.

परत पुण्याच्या मोठ्या विमानाकडं. दुसऱ्या प्रवाशाशी अदलाबदल हा पण एक मार्ग आहे आणि तो लोक चुकीच्या पद्धतीनं वापरतात. तुमच्याकडं मधली आहे आणि तुम्ही दुसऱ्याची आयल मागताय, तर तो का देईल, कदाचित त्यानं पैसे मोजलेत. अदलाबदल जमते ती सारख्याला सारखी किंवा वाईटाला चांगली अशीच. म्हणून नवरा-बायको वेगळे पडले असतील आणि काउंटरवर दोघांची सीट शेजारी होत नसेल, तर निदान एकाची तरी आयल किंवा खिडकी करून मागा. समजा नवऱ्याकडं १९ डी आयल आहे आणि बायको २५ ई मधली. बायकोशेजारच्या २५ डी वाल्याला म्हणायचं की तुम्हाला १९ ची आयल देतो, पुढची आहे, लवकर उतराल. नाही म्हणायचं त्याला कारणच नाही. तेच दोघांकडं मधल्याच असत्या तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. विचारायचं ते पण त्यानं बॅग वर ठेवून, पट्टा बांधून बसायच्या आधी, आणि नाही म्हटलं तर विषय सोडून द्यायचा.

आणखी काही बारीक गोष्टी. आणीबाणीच्या दाराजवळची ओळ पायाला मोकळी असते, कधी कधी विकली न गेल्यामुळं काउंटरवर देतात पण, पण लहान मुलं, गरोदर बाई, तान्हं बाळ घेतलेली आई, मदत लागणारी माणसं यांना ती देत नाहीत, आणि तिथं बसलात तर वेळ आल्यावर दार उघडायची जबाबदारी तुमची, एअर होस्टेस समजावून सांगते ते लक्ष देऊन ऐका. तान्हं बाळ मांडीवर असेल तर एका बाजूच्या तीन सीटमध्ये एकच बाळ चालतं, कारण ऑक्सिजनचा जादा मास्क एकच असतो. म्हणून दोन बहिणी दोन बाळं घेऊन निघाल्या असतील तर शेजारी-शेजारी सीट सिस्टीम देणारच नाही, वाटेच्या पलीकडं मागा, सी आणि डी. शेवटची ओळ बऱ्याच विमानांत मागं कलत नाही आणि टॉयलेटला लागून असते, ती आली असेल तर तेवढ्यासाठी सुद्धा काउंटरवर बदलून मागायला हरकत नाही.

म्हाताऱ्या माणसाला खरंच चालवत नसेल तर व्हीलचेअरची नोंद ४८ तास आधी तिकिटावर करून घ्या. काउंटरवरच्या माणसाला ती नोंद दिसते आणि सीट देताना तो तिचा विचार करतो. पण निव्वळ सीटसाठी खोटी व्हीलचेअर मागणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण व्हीलचेअर आणि ती ढकलणारी माणसं मोजकीच असतात आणि ज्याला खरी गरज आहे तो बिचारा दारात ताटकळत बसतो.

पैसे भरणं कधी योग्य, तर एकट्या माणसाला गुडघ्याचं नाहीतर पाठीचं नुकतंच ऑपरेशन झालंय, अडीच-तीन तासांची फ्लाइट आहे आणि विमान फुल आहे, तेव्हा भरा, तिथं नशिबावर सोडू नका. पण भरायच्या आधी एक बघा, थोडं वरचं भाडं घेतलं तर त्यात सीट, जेवण, तारीख बदलायची सवलत असं एकत्र येतं का, कधी कधी फरक सीटच्या किमतीएवढाच निघतो. आणि विकत घेतलेली सीट कंपनीनं विमान बदलल्यामुळं किंवा आणखी कशामुळं बदलली, तर जुना बोर्डिंग पास, पैसे भरल्याची पावती आणि नवा बोर्डिंग पास या तिन्हींचे फोटो काढून कंपनीच्या तक्रार कक्षाला पाठवा आणि सीटचे पैसे परत मागा. त्यांनी दाद दिली नाही तर मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर पीएनआर टाकून तक्रार नोंदवा, ती त्या कंपनीकडंच जाते पण वरून येते.